आधी काय घडले? न जुळणाऱ्या घड्याळांतून घटनाक्रम कसा लावतात

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. न्यूयॉर्क, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, टोरांटो ही शहरे काही मिनिटांत ठप्प झाली. सुमारे पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा तुटला. जागतिक समन्वित वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या हिशेबाने तेव्हा २० वाजून १० मिनिटे झाली होती. भारतात मात्र दिनदर्शिकेवर १५ ऑगस्ट उजाडला होता आणि रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. एकाच क्षणाला असे तीन निरनिराळे आकडे आणि दोन निरनिराळ्या तारखा लाभल्या होत्या, आणि तिन्ही बरोबरच होत्या.

पुढच्या काही तासांत दोष कोणाचा यावरून दोन देशांत शब्दयुद्ध सुरू झाले. कॅनडाच्या पंतप्रधान कार्यालयाने न्यूयॉर्कच्या बाजूच्या वीजनिर्मिती केंद्रावर आकाशातून वीज कोसळल्याचे सांगितले. त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी पेनसिल्व्हेनियातील एका अणुकेंद्राकडे बोट दाखवले. अमेरिकी बाजूने हे नाकारण्यात आले आणि बिघाडाचे मूळ कॅनडात शोधले जाऊ लागले. प्रत्येकाने आपल्या भागात काय घडले ते पाहिले होते. ते सर्वांत आधी घडले की इतरत्र काही घडल्यामुळे घडले, हे मात्र त्या घटकेला कोणालाच ठाऊक नव्हते. दोन्ही देशांनी नेमलेल्या संयुक्त कृती दलापुढचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘का’ हा नव्हता. ‘कशानंतर काय’ हा होता.

त्याचे उत्तर नोंदींत होते. वीजवाहिन्या, रोहित्रे, जनित्रे आणि त्यांचे ब्रेकर यांच्याशी संबंधित आठशेहून अधिक घटना त्या दिवशी घडल्या आणि त्यांतील बहुतेक चार वाजून सहा ते चार वाजून बारा या अवघ्या सहा मिनिटांत घडल्या. उपकेंद्रांतील नोंदयंत्रे, नियंत्रण कक्षांतील संगणक, जनित्रांवरील यंत्रणा या सर्वांनी आपापल्या नोंदींवर वेळेचा शिक्का मारला होता. अडचण एवढीच होती की हे शिक्के एकाच घड्याळाचे नव्हते. कोलोरॅडोतील बोल्डर येथे अमेरिकेची राष्ट्रीय प्रमाणवेळ राखली जाते. तिच्याशी अनेक घड्याळे जुळवलेलीच नव्हती. घटनांच्या वेळा पडताळणे हेच तपासातले एक मोठे आणि काही वेळा फार अवघड काम होऊन बसले, असे कृती दलाने आपल्या अहवालात नमूद केले आहे.

न जुळणाऱ्या वेळांमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. अननुभवी तपासनीस त्यांची गल्लत करतो आणि तेथेच घटनाक्रम बिघडतो.

पहिली गोष्ट म्हणजे कालविभाग. ज्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या क्षेत्रात बिघाडाची साखळी सुरू झाली तिचे कार्यालय ओहायोतील ॲक्रन येथे आहे. तिच्या व शेजारच्या क्षेत्रांच्या वाहिन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था इंडियाना राज्यातील कार्मेल येथे होती. ओहायोत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करीत. इंडियानाचा बराचसा भाग त्या काळात ही प्रथा पाळत नसे. साहजिकच ॲक्रनच्या भिंतीवर तीन वाजून पाच झाले असतील, तर कार्मेलच्या भिंतीवर दोन वाजून पाच झालेले असत. एकाच दूरध्वनी संभाषणाची दोन टोकांना एका तासाच्या फरकाने नोंद होऊ शकत होती. कृती दलाने सर्व घटना पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेत मांडल्या आणि हे अहवालात स्पष्टपणे लिहिले. आपल्याकडे आज एकच प्रमाणवेळ आहे म्हणून हा प्रश्न परका वाटतो, पण १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती आणि ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. त्या काळातील एखाद्या अपघाताचा तपास करताना ‘कोणत्या घड्याळाप्रमाणे’ हा प्रश्न मुंबईतही विचारावाच लागला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळाची चाल. बहुतेक यंत्रांतील घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भागांच्या आसपास असणे काही विशेष नाही. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर रोज सुमारे पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. महिन्याला ही चूक पाऊण मिनिटाच्या पुढे जाते. स्फटिकाची चाल तापमानानेही बदलते. वातानुकूलित खोलीतील सर्व्हर आणि पत्र्याच्या छपराखालचे नियंत्रण पेटारे यांची घड्याळे सारख्या गतीने चुकत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी असते, कारण तिच्यात घड्याळाचा काहीच दोष नसतो. शिक्का घटना घडली तेव्हाचा नसून बातमी पोहोचली तेव्हाचा असतो. उपकेंद्रातील ब्रेकर उघडतो. ती खबर दळणवळणाच्या तारेवरून नियंत्रण कक्षाकडे जाते. तेथील संगणक काही सेकंदांच्या फेऱ्यांनी प्रत्येक उपकेंद्राची विचारपूस करीत असतो. खबर आल्यावर तो तिच्यावर वेळ उमटवतो. शांत दिवशी हा विलंब दोन-चार सेकंदांचा असतो. पण हजारो खबरी एकदम आल्या तर संगणकापुढे रांग लागते आणि रांगेतल्या शेवटच्या खबरीवर बऱ्याच उशिराचा शिक्का बसतो. १४ ऑगस्टच्या नोंदींबाबत कृती दलाने नेमकी ही दोन कारणे दिली आहेत. काही शिक्के घड्याळे प्रमाणवेळेशी न जुळवल्यामुळे चुकले होते, तर काही नोंदणारे संगणक साचलेल्या कामाखाली मागे पडल्यामुळे चुकले होते.

या तिन्ही चुका ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फरक बरोबर एक तासाचा, पाच तासांचा किंवा साडेपाच तासांचा असेल तर तो कालविभागाचा असतो. त्यावर वेडीवाकडी शिल्लक उरली, समजा ४३ सेकंद, तर ती घड्याळाची असते. आणि फरक जागोजागी बदलत असेल, त्यातही गर्दीच्या वेळी वाढत आणि नंतर कमी होत असेल, तर तो विलंबाचा असतो.

मग ही शिल्लक मोजायची कशी? त्यासाठी दोन्ही नोंदींत उमटलेली एकच घटना शोधावी लागते. तिला खुणेची घटना म्हणता येईल. वीजजाळ्यात अशी घटना सापडणे तुलनेने सोपे असते. एखाद्या वाहिनीचा झाडाला स्पर्श झाला की आजूबाजूच्या सर्व उपकेंद्रांत विद्युतदाब क्षणभर खाली येतो. ही खळगी तारांतून जवळपास प्रकाशाच्या वेगाने पसरते, म्हणजे तीनशे किलोमीटरला तिला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. सर्व नोंदयंत्रांसाठी तो एकाच घंटेचा टोल असतो. १४ ऑगस्टला तीन वाजून पाच मिनिटे ४१ सेकंदांनी चेंबरलिन–हार्डिंग ही ३४५ किलोव्होल्टची वाहिनी झाडाला टेकून बंद पडली. त्या स्पर्शाची खूण ज्युनिपर या दुसऱ्याच उपकेंद्रातील नोंदयंत्रावर उमटली होती. त्या वेळी ही वाहिनी आपल्या क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के भार वाहत होती, त्यामुळे अतिभाराने तार झुकल्याचा बचाव टिकला नाही. दोष न छाटलेल्या झाडांचा ठरला.

येथे एक सावधगिरी आवश्यक असते. वाहिनी बंद पडल्यानंतर जाळ्याच्या वारंवारतेत जो हेलकावा उठतो तोही सर्वत्र दिसतो, पण तो फार संथ असतो. जनित्रांची जडजड चक्रे हलवीत तो सेकंदाला काही शे किलोमीटर एवढ्याच गतीने पुढे सरकतो. त्यालाच एका क्षणाचा टोल समजले तर दूरच्या उपकेंद्राच्या घड्याळावर विनाकारण एक-दोन सेकंदांच्या चुकीचा आरोप येतो.

आता आकडेमोडीसाठी एक काल्पनिक नोंदयंत्र घेऊ. त्याच्या कागदावर दाबाची खळगी १४:०४:५८ या वेळी दिसते आहे. जीपीएस उपग्रहांवरून वेळ घेणाऱ्या, म्हणून विश्वासार्ह मानलेल्या यंत्रावर ती १५:०५:४१ ला आहे. फरक एक तास ४३ सेकंदांचा निघतो. तास हा उन्हाळी वेळेचा आणि ४३ सेकंद घड्याळाचे. दिवसाला पावणेदोन सेकंद मागे पडणारे घड्याळ पंचवीसेक दिवसांपूर्वी शेवटचे लावले असेल तर ही शिल्लक अगदी स्वाभाविक ठरते. तथापि एका खुणेवर कोणताही जाणता तपासनीस थांबत नाही, कारण दोन खळग्यांची जोडीच चुकीची लावलेली असू शकते. हॅना–ज्युनिपर वाहिनी १५:३२:०३ ला बंद पडली. आपल्या यंत्रावर त्या सुमाराची खळगी १४:३१:२० ला असेल तर फरक पुन्हा तेवढाच येतो. स्टार–साउथ कँटन वाहिनी १५:४१:३५ ला कायमची गेली. यंत्रावर १४:४०:५२ असेल तर तिसरी साक्षही जुळली. आता त्याच कागदावरील १४:३८:१० ची एकाकी नोंद १५:३८:५३ या वेळी मांडण्यास हरकत नाही. तिसरी खूण दोन सेकंदांनी हुकली असती, तर मधल्या काळात कोणी घड्याळ हलवले का, किंवा तो शिक्का उशिराचा आहे का, हे आधी शोधावे लागले असते. छत्तीस मिनिटांत घड्याळाची चाल एक दशांश सेकंदानेसुद्धा बिघडत नाही. काही तासांच्या तपासात फरक स्थिर मानता येतो तो यामुळेच.

किती अचूकता पुरेशी, हे प्रश्नावर अवलंबून असते. तीन वाजून पाच ते चार वाजून सहा या तासाभरात ओहायोत एकेक वाहिनी पाच-दहा मिनिटांच्या किंवा त्याहून अधिक अंतराने पडत होती. तेथे अर्ध्या मिनिटाची चूकही मोठ्या वाहिन्यांचा क्रम बदलू शकत नव्हती. सॅमिस–स्टार ही वाहिनी १६:०५:५७ ला बंद पडली आणि त्यानंतर पडझड आवरण्यापलीकडे गेली. १६:१० नंतरच्या काही सेकंदांत मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमधील वाहिन्या धडाधड सुटल्या आणि ईरी सरोवराभोवती वीजप्रवाहाची दिशाच उलटली. त्या सेकंदांत कोणती वाहिनी आधी गेली यावर कोणाचा दोष हे ठरणार होते. तेथे सेकंदाचे शतांश महत्त्वाचे होते आणि नियंत्रण कक्षांच्या नोंदी जवळपास निरुपयोगी होत्या. उपकेंद्रांतील जलद नोंदयंत्रेच तेथे साक्षीला उभी राहू शकत होती, आणि तीही त्यांचे घड्याळ विश्वासार्ह असेल तरच. सर्व नोंदयंत्रे समान वेळेवर चालवणे बंधनकारक करावे, ही एप्रिल २००४ च्या अंतिम अहवालातील अठ्ठाविसावी शिफारस या अनुभवातून आली.

वेळ चुकलेली नोंद आणि नसलेली नोंद यांतही भेद करावा लागतो. दोन वाजून २७ मिनिटांनी स्टार–साउथ कँटन वाहिनी सुटून लगेच पुन्हा जोडली गेली. शेजारच्या कंपनीच्या नियंत्रण कक्षाने फोन करून विचारले, तेव्हा फर्स्टएनर्जीच्या कर्मचाऱ्यांनी आपल्याला तसे काही दिसले नसल्याचे सांगितले. घड्याळांचा घोळ समजून हे सोडून देणे सोपे होते. खरे कारण वेगळे होते. फर्स्टएनर्जीच्या संगणकातील धोक्याची सूचना देणारी प्रणाली दोन वाजून १४ मिनिटांनी मुकी झाली होती आणि ही गोष्ट तेथे कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. एका बाजूला नोंद आहे आणि दुसऱ्या बाजूला कोणत्याही फरकाने सरकवली तरी तिची जोडी सापडत नाही, हे स्वतःच एक निष्कर्ष असते.

आपल्या देशानेही हा अनुभव घेतला आहे. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर दोन वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बीना–ग्वाल्हेर वाहिनी सुटली आणि उत्तरेचे संपूर्ण वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच परिसरातून सुरू झालेल्या पडझडीत उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी गेली. ग्वाल्हेरकरांनी ते दोन दिवस अनुभवले आहेत. पश्चिमेचे जाळे मात्र मुख्यतः तगून राहिले. उत्तर विभागात तोवर काही निवडक ठिकाणी जीपीएसच्या वेळेवर चालणारी नवी मापनयंत्रे बसली होती आणि त्यांच्या नोंदी तपासात खुणेच्या ठरल्या. जुन्या नोंदयंत्रांच्या वेळा एकमेकांशी जुळलेल्या नसणे ही अडचण तेथेही होतीच.

वीजजाळ्याचा तपास काही तासांचा असतो. संगणकातील घुसखोरी आठवड्यांनंतर उघडकीस येते आणि तेथे घड्याळाची चाल हाच मुख्य प्रश्न होतो. पुढील प्रसंग कल्पित आहे, पण त्यातली रीत प्रत्यक्ष वापरातली आहे. पणजीतील एका हॉटेलच्या आरक्षण प्रणालीतून पाहुण्यांच्या कार्डांचा तपशील चोरीस गेला. प्रणालीचा सर्व्हर परदेशात आहे आणि तो जाळ्यावरून आपले घड्याळ सतत जुळवत असतो. त्याच्या लॉगमध्ये संशयास्पद प्रवेशाची ही ओळ सापडली:

```
2025-03-14T18:47:12Z login ok user=frontdesk2
```

शेवटच्या Z या अक्षराचा अर्थ ही वेळ यूटीसीतली आहे. तीत साडेपाच तास मिळवले की १५ मार्चची रात्र, बारा वाजून १७ मिनिटे १२ सेकंद ही वेळ येते. तारीख बदलते, हे ध्यानात न घेता १४ तारखेच्या संध्याकाळच्या पाळीतील माणसाला बोलावले तर तपास पहिल्याच पावलाला चुकतो. रात्रपाळीला स्वागतकक्षात एक तरुण कर्मचारी होता. कॅमेऱ्याच्या चित्रणात तो ००:२०:५० ला खुर्ची सोडून जाताना दिसतो. वरवर पाहता प्रकरण संपले. प्रवेश झाला तेव्हा तो संगणकापुढेच बसला होता.

तथापि चित्रणयंत्राचे घड्याळ अजून कोणी तपासलेले नाही. २० मार्चला दुपारी बाराच्या सुमारास यंत्र ताब्यात घेताना त्याच्या पडद्यावरील वेळ आणि प्रमाणवेळ यांची तुलना करण्यात आली. यंत्र ४०० सेकंद, म्हणजे सहा मिनिटे ४० सेकंद पुढे निघाले. हाच फरक १५ तारखेला होता असे गृहीत धरणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यासाठी दुसरी, आधीची खूण हवी. २८ फेब्रुवारीला दुपारी एका पाहुण्याने कार्डाने पैसे भरल्याची वेळ बँकेच्या नोंदीत आहे, आणि यंत्रातून पावती बाहेर येताना चित्रणात दिसते. दोन वेळांत ३६० सेकंदांचा फरक आढळतो. वीस दिवसांत ४० सेकंद, म्हणजे हे घड्याळ दिवसाला दोन सेकंद पुढे पळते. १५ मार्चची ती रात्र २० तारखेच्या दुपारच्या साडेपाच दिवस आधीची आहे, म्हणून तेव्हाचा फरक ४०० मधून ११ वजा करून ३८९ सेकंद, म्हणजे सहा मिनिटे २९ सेकंद येतो. ००:२०:५० मधून तो वजा केला की कर्मचारी खुर्ची सोडतो ती खरी वेळ ००:१४:२१ ठरते. प्रवेश त्यानंतर २ मिनिटे ५१ सेकंदांनी झाला आहे. ज्याच्यावर संशय होता तो त्या वेळी संगणकापुढे नव्हता.

या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे. दोन खुणांच्या मधल्या काळात घड्याळ कोणी लावले नाही आणि त्याची चाल समान राहिली, असे मानले आहे. चित्रणयंत्राच्या स्वतःच्या लॉगमध्ये वेळ बदलल्याची नोंद सहसा राहते, म्हणून ती पाहावी लागते. मध्येच वीज गेल्याने यंत्र पुन्हा सुरू झाले असेल आणि आतली बॅटरी मेलेली असेल, तर ते एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजू लागते. अशी उडी सरळ रेषेच्या हिशेबात बसत नाही. आपोआप वेळ जुळवणाऱ्या सर्व्हरमध्येही घड्याळ कधी कधी एकदम मागे ओढले जाते. मग लॉगमध्ये पुढच्या ओळीवर मागची वेळ दिसते. तेथे ओळींचा क्रम खरा मानायचा आणि वेळेच्या आकड्यावरून ओळींची फेरमांडणी करायची नाही, हा साधा नियम अनेक तयार सॉफ्टवेअर मोडतात.

पुरावा सर्वांत जास्त नासतो तो सद्हेतूने. घटना उघडकीस आल्यावर एखादा दक्ष कर्मचारी चित्रणयंत्राचे चुकलेले घड्याळ नीट करून ठेवतो, आणि चूक किती होती हे कळण्याचा मार्ग बंद होतो. आधी पडद्याचे आणि प्रमाणवेळेचे एकत्र छायाचित्र घ्यावे, फरक पंचनाम्यात लिहावा, आणि मगच काय ते करावे. मूळ नोंदीतील वेळही कधी खोडू नये. शेजारी नवा रकाना घालून त्यात दुरुस्त वेळ, दुरुस्ती कशावरून केली ते, आणि ती किती सेकंदांनी इकडेतिकडे असू शकते ते लिहावे.

भारतात याविषयी नियम आहे. सायबर घटनांसाठीची राष्ट्रीय संस्था असलेल्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. ज्यांचे संगणक अनेक देशांत पसरले आहेत त्यांना दुसरा अचूक स्रोत वापरता येतो, मात्र त्याची वेळ या दोन संस्थांच्या वेळेपासून ढळता कामा नये. लॉग १८० दिवस जपून ठेवणेही आवश्यक आहे. हे सर्व्हरपुरते ठीक आहे. कॅमेऱ्याचे चित्रणयंत्र, दाराचे कुलूप, जुने हजेरीयंत्र ही इंटरनेटला न जोडलेली उपकरणे वर्षानुवर्षे आपापल्या चालीने चालत राहतात आणि तपासात निर्णायक साक्ष बहुधा त्यांचीच असते.

त्या कल्पित हॉटेलातही असे एक कुलूप आहे. स्वागतकक्षामागच्या खोलीत दुसरा संगणक असून तिचे दार कार्डाने उघडते. प्रत्येक वेळी उघडल्याची नोंद कुलूपाच्या आतल्या स्मृतीत होते. कुलूपाच्या घड्याळासाठी एकच ओबडधोबड खूण मिळाली, ती म्हणजे रोज रात्री सफाई कर्मचारी आत जाताना कॅमेऱ्यात दिसतो, पण दार कॅमेऱ्याच्या कडेला असल्याने कार्ड टेकवल्याचा नेमका क्षण कळत नाही. दुरुस्तीनंतर एका वरिष्ठ कर्मचाऱ्याच्या कार्डाने दार उघडल्याची वेळ ००:१७:०५ येते, पण अर्धा मिनिट अलीकडे किंवा पलीकडे. प्रवेशाची वेळ ००:१७:१२ आहे. आकडे नुसते एकाखाली एक मांडले तर दार आधी उघडले आणि सात सेकंदांनी प्रवेश झाला असे दिसते, आणि आरोपपत्रात तसे लिहिण्याचा मोह होतो. वास्तविक ही नोंद दार प्रवेशाच्या ३७ सेकंद आधी उघडल्याशी जितकी सुसंगत आहे, तितकीच २३ सेकंद नंतर उघडल्याशीही आहे. अहवालात या दोन ओळी एकाच कंसात ठेवून ‘परस्परक्रम निश्चित करता आला नाही’ असे लिहावे लागते, आणि त्या कर्मचाऱ्याविषयीचा पुरावा त्या दुसऱ्या संगणकाच्या स्वतःच्या नोंदींत शोधावा लागतो.